वर्णनावरून क्षण शोधताना

दसऱ्याच्या पहाटे तुळजापुरात भवानीचे सीमोल्लंघन होते. देवीची चल मूर्ती सिंहासनावरून पालखीत येते, पालखी मंदिराभोवती प्रदक्षिणा घालते, वरून कुंकवाची उधळण होते, आणि मग देवी पलंगावर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा घेते. हा सोहळा दरवर्षी कितीतरी कॅमेऱ्यांत उतरतो. स्थानिक वाहिन्यांचे कॅमेरामन असतात, गावातले शूटिंगवाले असतात, अलीकडे ड्रोनही असतो. हे सगळे चित्रीकरण हार्डडिस्कवर जाऊन पडते. तिथे त्याची ओळख उरते ती फक्त कॅमेऱ्याने दिलेल्या `C0047.MP4` अशा नावाची.

चार-पाच वर्षांनी माहितीपट करायला बसलेल्या एडिटरला आठ सेकंदांचा एक तुकडा हवा असतो. पालखीवर कुंकू पडते आहे आणि मागे आकाश नुकते उजळू लागले आहे. असा शॉट आपल्याकडे आहे हे त्याला पक्के आठवते. कुठल्या वर्षीचा, कुठल्या डिस्कवर, कितव्या मिनिटाला, ते आठवत नाही. शंभर तासांचे रश दुप्पट वेगाने पाहायचे म्हटले तरी पन्नास तास लागतात. हे पुस्तक त्या एडिटरसाठी आहे. हव्या असलेल्या क्षणाचे साध्या शब्दांत वर्णन करायचे आणि संगणकाने साठ्यातून तो क्षण पुढे आणून ठेवायचा, अशी सोय आता हाताशी आली आहे. ती कशी चालते, कुठे फसते आणि फसली हे कसे ओळखायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

जुना मार्ग नोंदींचा. मुंबईत १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले, पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. अशा संस्थांमध्ये चित्रफीत सापडायची ती कुणीतरी बसून केलेल्या नोंदीमुळे: शीर्षक, साल, विषय, ठिकाण, कधी दृश्यांची यादी. वृत्तवाहिन्यांत याच कामाला लॉगिंग म्हणतात. माणूस टेप पाहतो आणि टाइमकोडसमोर काय दिसते ते लिहितो. नोंद चांगली असेल तर तिच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही. अडचण अशी, की नोंद करणाऱ्याला ज्या वेळी जे महत्त्वाचे वाटले तेवढेच तो लिहितो. मंत्र्यांच्या पाहणी दौऱ्याची नोंद ‘मंत्र्यांचा दौरा’ एवढीच होते; त्याच फुटेजमध्ये मागे दिसणारी पत्र्याची शेड, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, शाळेची पडकी भिंत यांना नोंदीत जागा मिळत नाही. पुढच्या पिढीला नेमकी तीच भिंत हवी असते.

नोंदीतली नावेही काळासोबत बदलतात. तुळजापूरच्या जिल्ह्याचेच पाहा. २०२३ पर्यंतच्या साऱ्या नोंदी ‘उस्मानाबाद’ या नावाखाली आहेत, त्यानंतरच्या ‘धाराशिव’ या नावाखाली. एक शब्द टाकून शोधणाऱ्याला अर्धाच साठा दिसतो, आणि उरलेला अर्धा आहे हे त्याला कळतही नाही.

संगणकाने थेट चित्र पाहूनच शोधावे, हा विचार १९९० च्या दशकात रुजला. आयबीएमची क्यूबिक ही प्रणाली त्या काळची. ती रंग, पोत आणि आकार मोजायची. ‘लाल रंग जास्त असलेली चित्रे दाखव’ असे म्हटले, तर कुंकवाची उधळण, लाल साडी आणि एसटीची लाल बस ती एकाच पंगतीला बसवणार. चित्रात रंग कुठला आहे ते तिला कळायचे, चित्र कशाचे आहे ते कळायचे नाही. या दरीवर संशोधकांनी पुढे कितीतरी वर्षे खर्ची घातली.

त्याच सुमाराला, १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात इन्फर्मीडिया हा प्रकल्प सुरू झाला. त्याने आवाजाची वाट धरली. चित्रफितीतले बोलणे लिहून काढायचे आणि त्या मजकुरात शोधायचे. बातम्या आणि मुलाखतींसाठी ही वाट आजही उत्तम आहे. पण पालखीच्या शॉटमध्ये ऐकू येतो तो संबळ आणि ‘आई राजा उदो उदो’चा गजर. कुंकू पडते आहे, उजाडते आहे, असे तिथे कुणी बोलून दाखवत नाही.

तिसरी परंपरा ठरलेल्या संकल्पना ओळखायला शिकवण्याची. ‘गर्दी’, ‘मोटार’, ‘पूर’, ‘इमारत’ अशा प्रत्येक शब्दासाठी हजारो नमुने दाखवून एकेक ओळखयंत्र तयार करायचे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ पासून भरवलेल्या ट्रेकव्हिड या वार्षिक चाचणीमुळे या शाखेला शिस्त लागली. सगळ्यांना एकच फुटेज, एकच प्रश्न, आणि कुणाची पद्धत किती अचूक याची उघड मोजणी. मात्र ज्या शब्दाचे ओळखयंत्र कुणी बनवलेले नाही, त्याचा शोध अशक्यच राहिला. ‘परडी घेतलेली आराधी बाई’ या यादीत कधी येणार?

ही कोंडी फोडणारी कल्पना अशी, की शब्दांची यादी आधी ठरवूच नये. चित्र आणि वाक्य या दोहोंना आकड्यांच्या एकाच नकाशावर जागा द्यावी. धाराशिव जिल्ह्यातले कुठलेही गाव अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांनी नकाशावर दाखवता येते, आणि दोन गावांचे आकडे जवळ असतील तर गावेही जवळ असतात. इथे दोनाऐवजी पाचशेबारा आकडे असतात आणि जवळीक मैलांची नसून अर्थाची असते. पालखीचे चित्र आणि ‘गर्दीतून जाणारी पालखी’ हे वाक्य या नकाशावर शेजारी यावे, हे उद्दिष्ट. गूगलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये या दिशेने एक पाऊल टाकले होते. पण ही पद्धत सर्वांच्या कामी आली ती जानेवारी २०२१ मध्ये, ओपनएआयने क्लिप नावाचे मॉडेल जाहीर केल्यावर.

क्लिपचे शिक्षण ज्या प्रकारे झाले, त्यातच त्याची ताकद आणि उणीव दोन्ही आहेत. इंटरनेटवरून चित्र आणि त्यासोबतचा मजकूर अशा ४० कोटी जोड्या गोळा केल्या गेल्या. एका वेळी ३२,७६८ जोड्या समोर ठेवायच्या आणि प्रत्येक चित्राचा खरा मजकूर त्या ढिगातून ओळखायला लावायचा. चुकले की आकडे किंचित सरकवायचे, आणि हे लाखो वेळा. कुणी ‘ही पालखी’ असे बोट ठेवून शिकवले नाही. लोकांनी चित्रांखाली जे लिहिले होते, त्यातूनच मॉडेलने चित्र आणि शब्द यांची सांगड घातली. म्हणून लोकांनी ज्याबद्दल भरपूर लिहिले ते त्याला चांगले येते, आणि ज्याबद्दल इंटरनेटवर जवळपास काहीच नाही ते येत नाही.

आता तुळजापूरच्या त्या शंभर तासांकडे परत येऊ आणि काम प्रत्यक्ष कसे होते ते पाहू. आधी चित्रफितीतून दर दोन सेकंदांना एक फ्रेम काढायची. शंभर तासांच्या १,८०,००० फ्रेम होतात. क्लिपच्या लहान आवृत्तीत प्रत्येक फ्रेमचे ५१२ आकडे होतात. प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले तर एका फ्रेमला दोन किलोबाइट, आणि सगळ्या साठ्याची सूची सुमारे ३७० मेगाबाइटची. म्हणजे अनेक टेराबाइटच्या फुटेजची सूची साध्या पेन ड्राइव्हवर मावते. हे काम एकदाच करायचे असते. त्यानंतर वाक्य लिहिले की त्याचेही ५१२ आकडे होतात आणि संगणक ते सर्व १,८०,००० फ्रेमशी ताडून जवळच्या फ्रेम वर आणतो. एवढ्या साठ्यासाठी साध्या संगणकाला सेकंदभरही पुरतो. फ्रेमची संख्या कोटींत गेली की मात्र वेगळी सूचीपद्धत लागते.

‘पहाटेच्या उजेडात गर्दीतून जाणारी पालखी, वर उधळलेले कुंकू’ असे विचारले, की पहिल्या वीस उत्तरांत दोन गोष्टी हमखास घडतात. एक म्हणजे एकाच शॉटच्या लागोपाठच्या दहा-बारा फ्रेम रांगेने येतात, कारण त्या एकमेकींसारख्याच असतात. त्यांना एकत्र करून शॉटमागे एकच उत्तर दाखवले नाही, तर खरा शॉट तिसऱ्या पानावर ढकलला जातो. दुसरे म्हणजे साठ्यात गणपतीच्या मिरवणुकीचे फुटेज असेल तर त्यातला गुलालही वर येतो. मॉडेलच्या दृष्टीने लाल भुकटी, गर्दी आणि खांद्यावरचे काहीतरी, इतपत जुळलेले पुरेसे असते.

यावरचा उपाय शब्द वाढवण्यात नाही. उत्तरांतली बरोबर वाटणारी एक फ्रेम निवडायची आणि ‘हिच्यासारख्या दाखव’ असे सांगायचे. तीन-चार बरोबर फ्रेमच्या आकड्यांची सरासरी घेतली तर आणखी चांगले. शब्द वाट दाखवतात, फ्रेम नेमक्या जागी पोचवते. अनुभवी शोधक या दोहोंमध्ये सतत ये-जा करतात.

मोठा धोका मात्र डोळ्यांना न दिसणारा आहे. क्लिपची लहान आवृत्ती चित्र २२४ गुणिले २२४ बिंदूंच्या चौकोनात आणते. त्यासाठी आधी चित्र लहान होते आणि मग मधला चौकोन ठेवून दोन्ही कडा कापल्या जातात. सोळा-नऊ प्रमाणातल्या आजच्या व्हिडिओत याचा अर्थ असा, की चित्राचा सुमारे ४४ टक्के भाग मॉडेलपर्यंत पोचतच नाही. उरलेल्या भागातही, फोर-के चित्रात २०० बिंदू उंच दिसणारा माणूस लहान होऊन २१ बिंदूंचा उरतो. आणि मॉडेल चित्र पाहते ते ३२ बिंदूंच्या तुकड्यांत. गर्दीच्या लांबच्या शॉटमध्ये डाव्या कडेला पोत नाचवणारा गोंधळी असेल, तर तो या शोधात कधीच सापडणार नाही. ओळखायची खूण अशी: जवळून घेतलेले शॉट सापडतात, पण त्याच प्रसंगाचे लांबचे शॉट एकदाही वर येत नाहीत. अशा वेळी प्रत्येक फ्रेमचे एकमेकांवर थोडे चढणारे दोन-तीन चौकोन करून प्रत्येकाची वेगळी नोंद करायची. सूची दुप्पट-तिप्पट होते, पण कडा वाचतात.

क्षण आणि फ्रेम यांतला फरकही इथेच कळतो. पालखी महाद्वारातून आत येते आहे की बाहेर जाते आहे, हे एका फ्रेमवरून सांगता येत नाही. माणूस उठतो आहे की बसतो आहे, हेही नाही. वाक्यावरून चित्रफितीतला नेमका कालखंड शोधण्याचे संशोधन २०१७ पासून जोर धरून आहे, आणि आता काही मॉडेल फ्रेमऐवजी छोटे तुकडे वाचतात. त्याहून साधी युक्ती स्पर्धांतून आली. २०१२ पासून भरणाऱ्या व्हिडिओ ब्राउझर शोडाउनमध्ये स्पर्धकांना एखादा छोटा तुकडा दाखवतात किंवा त्याचे वर्णन देतात. शेकडो-हजारो तासांच्या साठ्यातून तो घड्याळ चालू असताना शोधायचा असतो. तिथे अनेक चमूंनी दोन वर्णने क्रमाने देण्याची सोय केली: आधी हे दिसावे आणि दहा सेकंदांच्या आत ते दिसावे. ‘बंद दरवाजा आणि गर्दी’, नंतर ‘दरवाजात पालखी’. येण्याचा आणि जाण्याचा फरक या क्रमातून पकडता येतो.

मराठीत शोधता येते का, हा इथल्या वाचकाचा पहिला प्रश्न असणार. मूळ क्लिप प्रामुख्याने इंग्रजीवर शिकले, त्यामुळे देवनागरी वाक्य दिले तर उत्तरे भरकटतात. त्यावर दोन मार्ग आहेत. वाक्य आधी इंग्रजीत करून घ्यायचे, किंवा अनेक भाषांसाठी नव्याने शिकवलेला मजकुराचा भाग वापरायचा. क्लिपच्या चित्रांच्या आकड्यांशी जुळणारे असे बहुभाषिक भाग खुले उपलब्ध आहेत आणि त्यांत मराठीही आहे. चित्रांची सूची तीच राहते, बदलते ते फक्त वाक्य वाचणारे अंग. सोपी वाक्ये याने चालतात. ‘संबळ’, ‘परडी’, ‘पोत’, ‘जोगवा’ हे शब्द मात्र भाषा बदलून सुटत नाहीत. या वस्तूंची चित्रेच शिकताना फारशी आलेली नसतात. अशा वेळी नाव सोडून दिसणे लिहावे: ‘कमरेला दोन छोटी वाद्ये बांधून काठ्यांनी वाजवणारा माणूस’. तरीही जमले नाही, तर साठ्यातल्याच पन्नासेक फ्रेम माणसाने वेचून ‘ही परडी’, ‘ही नाही’ अशा दोन ढिगांत लावाव्यात आणि त्या ५१२ आकड्यांवर एक लहानसे ओळखयंत्र शिकवावे. याला काही मिनिटे लागतात आणि महागडा संगणक लागत नाही. या जिल्ह्याचा शब्दसंग्रह मॉडेलला शिकवण्याचे काम याच जिल्ह्यातल्या माणसांना करावे लागेल.

या साऱ्या चर्चेला गंभीर वळण मिळते ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपाशी. ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे जमीनदोस्त झाली. अधिकृत नोंदीप्रमाणे मृतांचा आकडा आठ हजारांच्या जवळपास. त्या दिवसांचे चित्रीकरण सरकारी संस्था, वाहिन्या आणि खासगी कॅमेऱ्यांनी केले. जगाने या भूकंपाला किल्लारीचे नाव दिले. किल्लारी लातूर जिल्ह्यात. लोहारा तालुक्यातले सास्तूर धाराशिव जिल्ह्यात, आणि तेही तितकेच उद्ध्वस्त झाले. टेपवर ‘किल्लारी’ लिहिले गेले की आतले सास्तूर नोंदीतून नाहीसे होते.

‘कोसळलेल्या दगडी घरांचा ढिगारा उपसणारी माणसे’ असे वर्णन दिले, तर दृश्यशोध ती फ्रेम काढून देईल, टेपवर काहीही लिहिलेले असो. नोंदीत हरवलेले सास्तूर अशा रीतीने परत हाती लागू शकते. पण हे गाव सास्तूर आहे, किल्लारी आहे की २००१ चे भूज, हे शोध सांगणार नाही. त्याला ढिगारा कळतो, गाव कळत नाही. आणि तो रिकाम्या हाताने कधी परत येत नाही. साठ्यात सास्तूर नसेलच तर जे सर्वांत जवळचे असेल ते तितक्याच आत्मविश्वासाने पुढे करतो. जवळिकीचा जो आकडा दिसतो तोही टक्केवारी नव्हे. क्लिपमध्ये चांगल्या जुळणीचा आकडाही बऱ्याचदा ०.३ च्या आसपास असतो, आणि चुकीच्या जुळणीचा त्याहून थोडासाच कमी.

म्हणून ओळख पटवण्याचे काम फुटेजमधल्या इतर खुणांवर येते. मराठवाड्यातली ती घरे मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची होती. माणसे दगावली ती बहुतांशी याच भाराखाली. भूजच्या दृश्यांत कोसळलेल्या बहुमजली काँक्रीट इमारतीही दिसतात. दुकानाच्या पाटीची लिपी देवनागरी की गुजराती, गाडीवर `MH 25` आहे की `MH 24` आहे की `GJ 12`, टेपच्या सुरुवातीला कुणी काय बोलले, हे पाहायचे. पाट्या वाचणारी आणि बोलणे लिहून काढणारी साधने इथे दृश्यशोधाला जोडता येतात. शेवटी मात्र ती फ्रेम सास्तूरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दाखवून ‘हा पार ओळखता का?’ असे विचारावेच लागते. उत्तर मिळाले की ते नोंदीत जावे, सांगणाऱ्याच्या संमतीने आणि तारखेसह.

त्या साठ्यात मृतदेहांची, आक्रोशाची दृश्येही आहेत. नोंदींच्या काळात ती टेपच्या पोटात पडून असत. आता एका वाक्यासरशी कुणाच्याही पडद्यावर येऊ शकतात. ज्यांची माणसे त्या पहाटे गेली ती कुटुंबे आजही तिथेच, पुनर्वसित गावांत राहतात. अशा फ्रेम सूचीतून आधीच वेगळ्या काढाव्यात, की त्यांच्यावर परवानगीचे कुलूप असावे, याचा निर्णय सूची करण्यापूर्वी व्हायला हवा. या पुस्तकाने तो प्रश्न तांत्रिक प्रकरणांच्या आधी घेतला आहे.

हे सगळे आताच का मांडायचे? मिनी डीव्हीच्या कॅसेट आणि जुन्या टेप खराब होत आहेत, त्या वाजवणारी यंत्रे दुर्मीळ झाली आहेत, आणि ज्यांना त्यांतले चेहरे व जागा ओळखता येतात ती पिढी वयस्क झाली आहे. दुसरीकडे, शब्दांवरून दृश्य शोधण्याची सोय २०२५ मध्ये प्रीमियर प्रोसारख्या नेहमीच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येही आली. तालुक्याच्या गावातला एडिटर ती वापरू लागेल. तेव्हा ती काय पाहते आणि काय पाहत नाही, हे त्याला माहीत असायला हवे.

पुस्तकाचा आवाका त्यामुळे मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. मोठ्या वाहिन्यांच्या कोट्यवधी फ्रेमच्या प्रणाली इथे ओळखीपुरत्याच येतात. भर आहे तो शंभर ते हजार तासांच्या साठ्यावर: एखादे देवस्थान, महाविद्यालय, स्थानिक वाहिनी किंवा जुना शूटिंगवाला यांच्याकडे असतो तेवढा. गणिताची पूर्वतयारी गृहीत धरलेली नाही. प्रत्येक पद्धतीसोबत ती तपासण्याची रीतही दिली आहे, आणि त्या रीतीचा गाभा इथेच सांगून ठेवणे योग्य. सूची तयार झाली की शोध सुरू करण्याआधी साठा जाणणाऱ्या माणसाकडून तीस क्षणांची यादी टाइमकोडसह लिहून घ्यावी: जवळचे, लांबचे, रात्रीचे, गर्दीचे, स्थानिक वस्तूंचे. मग दुसऱ्याच माणसाने केवळ वर्णनावरून ते शोधावेत. तीसपैकी किती पहिल्या दहा उत्तरांत आले ते मोजावे, आणि जे आले नाहीत ते कुठल्या गटातले आहेत ते पाहावे. लांबचे शॉट गळत असतील तर चौकोन लहान करून वाढवावेत, परडी आणि संबळ गळत असतील तर नमुने वेचावेत, रात्रीचे गळत असतील तर तेवढ्या फाइलींची माणसाकडून नोंद करून घ्यावी. पुस्तकातले पहिले प्रात्यक्षिक म्हणजे ही तीस क्षणांची यादी.